थ्रेड वाढवले तरी स्पीड वाढत नाही, पॅडिंग लावलं तरी काही महिन्यांनी परत तेच: फॉल्स शेअरिंग कसं पकडलं

हा प्रॉब्लेम आमच्याकडे दोनदा आला, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं की हे तर आपण आधीच फिक्स केलंय मग हे असूच शकत नाही. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय, ज्याला पुढे हे दिसेल त्याचे चार दिवस तरी वाचतील.

आमचं ऑफिस महापेला. प्रोग्राम असा आहे की ट्रकवर लावलेल्या जीपीएस डिव्हाइसचे मेसेज येतात, ते आठ वर्कर थ्रेड पार्स करतात, आणि प्रत्येक वर्कर आपापले आकडे मोजत राहतो म्हणजे किती मेसेज बरोबर आले, किती खराब, एकूण बाइट किती. एक वेगळा मॉनिटर थ्रेड दर सेकंदाला हे आकडे वाचून स्क्रीनवर दाखवतो. कोड सी प्लस प्लस, मशीन दोन सॉकेटचा इंटेल सर्व्हर, लिनक्स.

टेस्टिंगसाठी आम्ही एका दिवसाचे मेसेज फाइलमधून मेमरीत घेऊन परत चालवतो. एका वर्करवर त्याला 40 सेकंद लागत होते. चार वर्कर केले तर वाटलं दहा-अकरा सेकंदात होईल, लागले 31. आठ केले तर 38! म्हणजे आठ कोअर पूर्ण 100 टक्के चालू, `top` मध्ये सगळं लालेलाल, आणि काम जवळपास एका कोअरएवढंच. (हे आकडे आमच्या मशीनचे, तुमच्याकडे वेगळे येतील, पण आकार असाच दिसतो.)

पहिला संशय लॉकवर जातो, आमचाही गेला. पण वर्करांच्या मध्ये लॉक नव्हताच, प्रत्येकाला फाइलचा आपला आपला तुकडा दिलेला. मग मेमरी अलोकेशनवर संशय, ते बघितलं, पार्सिंगच्या लूपमध्ये एकही अलोकेशन नाही. डिस्कचा प्रश्न नाही कारण सगळं आधीच मेमरीत. आणि एक गोष्ट सगळ्यात जास्त गोंधळात टाकत होती, डीबग लॉगिंग चालू केलं की एकूण वेळ वाढायचा पण आठ वर्करांचा फायदा मात्र व्यवस्थित दिसायला लागायचा, जवळपास सात पट. लॉगिंग बंद केलं की परत आठ आणि एक सारखेच. त्या वेळी कळलं नाही पण खरं तर हीच मोठी खूण होती. लॉगिंगमुळे दोन मोजण्यांच्या मध्ये बराच वेळ जात होता, त्यामुळे भांडण कमी होत होतं.

भांडण कशावरून तर ह्यावरून:

```
struct Stats {
    std::atomic<uint64_t> ok;
    std::atomic<uint64_t> bad;
    std::atomic<uint64_t> bytes;
};
Stats stats[8];   // प्रत्येक वर्करला एक
```

बघायला अगदी स्वच्छ कोड आहे. वर्कर 0 फक्त `stats[0]` ला हात लावतो, वर्कर 1 फक्त `stats[1]` ला. कोणी कोणाच्या व्हेरिएबलला शिवत नाही. भाषेच्या नियमाने बघाल तर इथे काहीही शेअर होत नाहीये. पण प्रोसेसर व्हेरिएबल बघतच नाही, तो कॅशे लाइन बघतो, आणि एक लाइन म्हणजे ह्या मशीनवर सलग 64 बाइट. एक आकडा हवा असला तरी कोअर अख्खी 64 बाइटची लाइन उचलून आणतो, आणि एका आकड्यावर लिहायचं असलं तरी अख्ख्या लाइनची मालकी घ्यावी लागते.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दोन गेट आहेत, त्यावरून मी टीमला समजावलं. समजा सोसायटीने एकच रजिस्टर ठेवलंय, पहिल्या गेटचा वॉचमन डाव्या पानावर पाहुण्यांची नोंद करतो आणि दुसऱ्या गेटचा उजव्या पानावर टँकरची. दोघांच्या नोंदी वेगळ्या, पानं वेगळी, एकमेकांशी काही संबंध नाही. पण रजिस्टर एक! पहिल्याला एक ओळ लिहायची तर दुसऱ्या गेटवरून रजिस्टर मागवायचं, लिहून होईपर्यंत दुसऱ्याकडे टँकर उभा, मग रजिस्टर परत तिकडे. दिवसभर दोघंही बिझी, घाम गाळतायत, आणि नोंदी होतायत मोजक्या. कॅशेमध्ये नेमकं हेच होतं, ह्यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात. एका कोअरने लाइनवर लिहायचं ठरवलं की बाकी सगळ्या कोअरकडची त्या लाइनची कॉपी इनव्हॅलिडेट होते म्हणजे बाद ठरते, मग दुसऱ्याला लिहायचं तर त्याला ती नव्याने मागवावी लागते आणि पहिल्याची कॉपी बाद होते. स्वतःच्या कॅशेत असलेला आकडा वाढवायला थोड्या सायकल लागतात, तोच दुसऱ्या कोअरकडून आणायचा तर शेकड्याच्या आसपास, आणि दुसऱ्या सॉकेटवरून आणायचा तर त्याहून बऱ्याच जास्त. कोअर तेवढा वेळ थांबून असतो पण `top` ला ते काम केल्यासारखंच दिसतं, म्हणून 100 टक्के.

आता आमच्या स्ट्रक्चरचा हिशोब करा. तीन आकडे प्रत्येकी 8 बाइट म्हणजे 24. आठ वर्कर म्हणजे 192 बाइट, म्हणजे अख्खा अॅरे फक्त तीन लाइनमध्ये. अॅरे बरोबर लाइनच्या सुरुवातीपासून आहे असं धरलं तर वर्कर 0 चे बाइट 0 ते 23, वर्कर 1 चे 24 ते 47, आणि वर्कर 2 चे 48 ते 71. म्हणजे वर्कर 2 तर दोन लाइनवर पसरलाय, त्याचे `ok` आणि `bad` पहिल्या लाइनमध्ये आणि `bytes` दुसऱ्या, तो दोन्हीकडच्या लोकांना त्रास देतो. वर्कर 5 चंही तसंच, 120 ते 143. आठ थ्रेड, तीन रजिस्टरं.

हे कळायला आम्हाला आधी एक साधी टेस्ट करावी लागली, ती कोणालाही एका मिनिटात करता येते, काही इन्स्टॉल करायला नको. आठही वर्कर जबरदस्तीने एकाच कोअरवर बसवायचे:

```
taskset -c 3 ./replay --workers 8
```

41 सेकंद आले. आठ कोअरवर 38 आणि एका कोअरवर 41! एकाच कोअरवर सगळे थ्रेड असले की कॅशे एकच, रजिस्टर कुठे न्यावंच लागत नाही. जर वेळ आठ कोअरएवढाच किंवा कमी येत असेल तर कोअरांच्या मध्ये काहीतरी ये-जा चालू आहे हे नक्की. पण ह्यावरून फॉल्स शेअरिंग सिद्ध होत नाही हे लक्षात ठेवा, कारण लॉकवर मारामारी असेल किंवा सगळे मिळून खरोखरच एकच व्हेरिएबल वाढवत असतील तरी असंच दिसेल. इथे फक्त दिशा कळते.

नक्की कुठे ते सांगतो `perf c2c`. हे लिनक्समध्ये 4.10 पासून आहे, आणि नेमकं ह्याच कामासाठी बनवलंय.

```
sudo perf c2c record -a --all-user sleep 5
sudo perf c2c report --stdio
```

प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमधून हे मारायचं. एक अडचण म्हणजे क्लाउडवरच्या व्हीएममध्ये बऱ्याचदा हे चालत नाही कारण त्यासाठी लागणारे हार्डवेअर काउंटर आतपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे शक्य असेल तर खऱ्या मशीनवर चालवा. रिपोर्ट लांबलचक येतो, घाबरू नका, त्यात एक शब्द शोधायचा, `HITM`. ह्याचा अर्थ, एका कोअरने मेमरी वाचायला घेतली आणि ती लाइन दुसऱ्या कोअरच्या कॅशेत बदललेल्या अवस्थेत सापडली. म्हणजेच रजिस्टर दुसऱ्या गेटवर होतं. वरच्या टेबलमध्ये सगळ्यात जास्त `HITM` असलेल्या लाइन येतात, आणि खालच्या टेबलमध्ये त्या प्रत्येक लाइनच्या आत कुठल्या ऑफसेटवर कोणता फंक्शन हात लावतोय ते.

आमच्याकडे सगळ्यात वरच्या लाइनखाली ऑफसेट दिसले `0x0`, `0x10`, `0x18`, `0x28`, `0x30`. मी हे वहीत लिहून दशमानात केले, 0, 16, 24, 40, 48. आणि तिथेच उलगडलं. 0, 24, 48 म्हणजे तीन वर्करांचे `ok`, आणि 16, 40 म्हणजे पहिल्या दोघांचे `bytes`. आमच्या 24 बाइटच्या स्ट्रक्चरचा ठसा जसाच्या तसा तिथे उमटलेला होता. खराब मेसेज क्वचितच येतात म्हणून `bad` चे ऑफसेट दिसलेच नाहीत.

ह्या टेबलमध्ये बघायची मुख्य गोष्ट हीच. लाइन एक पण ऑफसेट वेगवेगळे आणि प्रत्येक ऑफसेटवर लिहिणारा थ्रेड वेगळा, तर फॉल्स शेअरिंग. सगळा मारा एकाच ऑफसेटवर असेल तर ते खरं शेअरिंग, सगळे एकच व्हेरिएबल वाढवतायत, आणि तिथे कितीही पॅडिंग लावा काही फरक पडणार नाही, तिथे डिझाइनच बदलावं लागतं. बरेच जण हे न बघताच पॅडिंग लावत सुटतात आणि मग म्हणतात पॅडिंगने काही होत नाही.

फिक्स एका शब्दाचा होता:

```
struct alignas(64) Stats {
    std::atomic<uint64_t> ok, bad, bytes;
};
```

`alignas(64)` दोन कामं करतो. सुरुवातीचा पत्ता 64 च्या पटीत आणतो, आणि साइजसुद्धा 64 पर्यंत वाढवतो, म्हणजे 24 बाइट कामाचे आणि 40 बाइट रिकामे. अॅरे 192 वरून 512 बाइटचा झाला, प्रत्येकाला आपलं रजिस्टर. आठ वर्करांचा वेळ 38 सेकंदांवरून 6 वर आला. कोडच्या लॉजिकमध्ये एक अक्षर बदललं नाही.

इथे गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं होतं. तीन-चार महिन्यांनी एका क्लायंटकडून तक्रार, नवीन व्हर्जन टाकल्यापासून स्लो आहे. दुसऱ्या क्लायंटकडे तीच बायनरी मस्त चालतेय. आमच्याकडे टेस्टला पण मस्त. टीममधला एक मुलगा, मनापासून काम करणारा, तो म्हणाला, "दादा, पॅडिंग तर आहे की, साइज पण चेक केली, 64 च येतेय." आणि खरंच येत होती.

दोन गोष्टी मध्ये बदलल्या होत्या. वर्करांची संख्या आता कॉन्फिग फाइलमधून येत होती म्हणून अॅरेच्या जागी `std::vector<Stats>` आला होता. आणि त्या क्लायंटकडचा सर्व्हर जुना, तिथला जुना कंपायलर सांभाळायचा म्हणून सगळ्यांसाठीचं बिल्ड `-std=c++14` वर गेलं होतं. आणि 14 मध्ये वॉर्निंग येतात म्हणून कोणीतरी `alignas` काढून हाताने पॅडिंग टाकलं, `char pad[40]`. साइज 64, हिशोब बरोबर, पण पत्ता?

व्हेक्टरची मेमरी हीपवरून येते. 64 बिट लिनक्सवर साधा `malloc` फक्त 16 च्या पटीतला पत्ता द्यायचं वचन देतो, 64 च्या नाही. आणि `alignas` ठेवलं असतं तरी सी प्लस प्लस 17 च्या आधी `new` त्याच्याकडे लक्ष देत नाही, उलट कंपायलर पत्ता 64 च्या पटीत आहे असं धरून कोड बनवू शकतो आणि प्रोग्राम क्रॅशही होऊ शकतो. म्हणजे व्हेक्टर लाइनच्या आत 0, 16, 32 किंवा 48 ह्यापैकी कुठूनही सुरू होऊ शकतो. आता प्रत्येक केस करून बघा. 0 पासून सुरू झाला तर कामाचे 24 बाइट 0 ते 23, ठीक. 16 पासून तर 16 ते 39, तेही एकाच लाइनमध्ये, ठीक. 32 पासून तर 32 ते 55, ठीक. आणि 48 पासून? 48 ते 71! `ok` आणि `bad` एका लाइनमध्ये, पण `bytes` पुढच्या लाइनच्या सुरुवातीला, आणि त्याच पुढच्या लाइनच्या शेवटी पुढच्या वर्करचे `ok` आणि `bad` बसलेले. म्हणजे प्रत्येक वर्कर आपल्या शेजाऱ्याच्या लाइनवर लिहितोय, साइज 64 असूनसुद्धा.

चारातल्या तीन जागी काहीच होत नाही आणि एका जागी सगळं ढासळतं. आणि कुठली जागा मिळेल हे त्याआधी प्रोग्रामने हीपवरून काय काय घेतलंय त्यावर ठरतं, आमच्याकडे कॉन्फिगमधले फाइलचे पाथ वाचून झाल्यावर व्हेक्टर बनत होता. त्या क्लायंटचे पाथ लांब होते. रिस्टार्ट करून पण फरक पडत नव्हता, कारण लिनक्स दर वेळी हीपची जागा हलवतं ते पूर्ण पानांनी, 4096 च्या पटीत, त्यामुळे 64 च्या आतली जागा तीच राहते. त्यांच्या कॉन्फिगमध्ये एक पाथ छोटा करून बघितला, स्पीड परत आला! हे बघून आम्ही सगळे थक्क झालो होतो, पण हिशोबाने बघाल तर दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

म्हणून साइजवरच्या `static_assert` वर विसंबू नका, तो दोन्ही क्लायंटकडे पास झाला असता. पत्ताच तपासा, आणि तोही प्रोग्राम चालू असताना, डीबग बिल्डमध्ये:

```
assert(reinterpret_cast<uintptr_t>(&stats[0]) % 64 == 0);
```

ज्यांना 17 वर जाता येतं त्यांनी जावं, तिथे `alignas` आणि `std::vector` नीट जमतं, कंपायलर आपोआप अलाइन केलेली मेमरी मागतो. आम्हाला जाता येत नव्हतं म्हणून पॅडिंग वाढवून स्ट्रक्चर 128 बाइटचं केलं, 24 कामाचे आणि 104 रिकामे. असं केलं की सुरुवात कुठूनही होवो, दोन वर्करांच्या कामाच्या बाइटमध्ये 104 चं अंतर राहतं आणि 64 च्या एका लाइनला दोघांना एकत्र पकडणं शक्यच नाही. फक्त व्हेक्टरच्या अगदी पहिल्या वर्करच्या आधी हीपवर कोण शेजारी बसलाय ते आपल्या हातात नसतं, म्हणून सुरुवातीला एक रिकामं स्ट्रक्चर सोडलं.

128 चा अजून एक फायदा आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये एक लाइन आणताना तिची जोडीची शेजारची लाइनसुद्धा आधीच मागवून ठेवणारा प्रीफेचर असतो, त्यामुळे 64 वर बरोबर अलाइन केलं तरी थोडा त्रास उरू शकतो. जावाच्या `@Contended` मध्ये डीफॉल्ट पॅडिंग 128 आहे. आणि अॅपलच्या एम सिरीजच्या मॅकवर लाइनच 128 ची आहे, तिथे 64 चं पॅडिंग म्हणजे एका रजिस्टरमध्ये परत दोन वॉचमन. आपल्या लिनक्स मशीनवर किती आहे ते `getconf LEVEL1_DCACHE_LINESIZE` मारून बघा, मॅकवर `sysctl hw.cachelinesize`.

दुसऱ्या तपासणीत अजून एक जागा सापडली, ती सांगायलाच हवी कारण लोकांना वाटतं दोघंही लिहीत असतील तरच प्रॉब्लेम. आमच्याकडे `stop` नावाचा एक फ्लॅग होता, सगळे वर्कर प्रत्येक मेसेजनंतर तो फक्त वाचायचे, लिहिला जायचा दिवसातून एकदा. आणि त्याच्या अगदी बाजूला मेसेज आत घेणाऱ्या रीडर थ्रेडचा काउंटर, जो सतत वाढत होता. काउंटर वाढला की लाइन बाद, सगळ्या आठ वर्करांची फ्लॅगची कॉपी बाद, सगळ्यांनी परत मागवायची, फ्लॅग मात्र बदललेलाच नाही! `perf c2c` मध्ये हे असं दिसतं की एका ऑफसेटवर फक्त लोड आहेत आणि दुसऱ्या ऑफसेटवर स्टोअर. जे सतत वाचलं जातं आणि जे सतत लिहिलं जातं ते एका लाइनमध्ये कधी ठेवू नका. वाचायच्या सगळ्या गोष्टी एकमेकांना चिकटून ठेवल्या तरी चालतात, वाचणाऱ्यांचं आपसात भांडण होत नाही.

आणि पॅडिंग सगळीकडे मारत सुटू नका हेही तितकंच मनापासून सांगतो. दर थ्रेडला एक, असं आठ-सोळा वस्तूंना 128 बाइट दिले तर काही बिघडत नाही. पण आमच्याकडे एकाने उत्साहात प्रत्येक ट्रकच्या रेकॉर्डला `alignas(64)` लावलं होतं, लाखभर रेकॉर्ड, प्रत्येकात 20-25 बाइट कामाचे. ते रेकॉर्ड एका वेळी एकच थ्रेड वाचतो, सलग. तिथे कॅशेचा अर्ध्याहून जास्त भाग रिकाम्या बाइटांनी भरला आणि ते स्कॅनिंग हळू झालं. काढून टाकलं.

खरं तर जिथे जमतं तिथे पॅडिंगच्या आधी हे बघा की इतक्या वेळा लिहायची गरज आहे का. आमचा मॉनिटर सेकंदाला एकदा वाचतो, मग वर्करने प्रत्येक मेसेजला शेअर मेमरीत लिहायचं कशाला. आता वर्कर साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोजतो आणि दर 1000 मेसेजनंतर एकदा `stats` मध्ये टाकतो. आमच्याकडे ह्याने 6 चे साडेपाच सेकंद झाले, पण मुख्य म्हणजे उद्या कोणी परत अलाइनमेंट बिघडवली तरी धक्का हजारात एकदाच बसेल. पॅडिंग मात्र तसंच ठेवलंय.